घरात तीन पिढ्या, तीन तऱ्हेची स्वप्नं: काळजी नक्की कोणाची करायची?

प्रश्न: आमची आजी ८२ वर्षांची. गेले दोनेक महिने रोज सकाळी सांगते की स्वप्नात तिची आई आली होती, माहेरचा वाडा दिसला. नातेवाईक म्हणतात, 'न्यायला आलेत, दिवस भरत आले.' आम्ही घाबरलोय. बाबा ६६ वर्षांचे, ते म्हणतात मला स्वप्नंच पडत नाहीत, पण पहाटे झोपेत ओरडतात, एकदा आईच्या खांद्यावर जोरात फटका बसला. आणि माझा ४ वर्षांचा मुलगा म्हणतो 'स्वप्नात कुत्रा होता', बस, पुढे काहीच नाही. वयाप्रमाणे स्वप्नं खरंच बदलतात का? यातलं नॉर्मल काय आणि डॉक्टरकडे कधी जायचं?

उत्तर:

मी झोपेच्या आजारांचं काम करते, बावीस वर्षं झाली. त्यातली बरीच वर्षं रात्री लोकांना डोक्याला, हनुवटीला, पायाला वायरी लावून झोपवण्यात आणि सकाळी त्यांना 'काय दिसलं?' असं विचारण्यात गेली. तुमचा प्रश्न वाचल्यावर आधी एक गोष्ट सांगते, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचता येईल. तुम्ही घाबरलायत आजीसाठी, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून डॉक्टरकडे न्यायचंय ते बाबांना. आजीचं बहुतेक सगळं त्या वयाला साजेसं आहे, आणि मुलाचं तर अगदी पुस्तकात असतं तसं.

मुलापासून सुरू करते कारण स्वप्न म्हणजे मुळात काय हे तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं. झोपेत एक टप्पा असतो ज्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात, त्याला आम्ही रेम झोप म्हणतो. १९५३ साली शिकागो विद्यापीठात अ‍ॅसरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी ती पहिल्यांदा नीट नोंदवली आणि त्या टप्प्यातून मोठ्या माणसाला उठवलं तर दहातले आठ वेळा तरी तो स्वप्न सांगतो असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. आता गंमत बघा, तान्ह्या बाळाची जवळजवळ निम्मी झोप रेम असते, मोठ्या माणसाची साधारण पाव. मग सगळ्यांना वाटतं की लहान मुलं सगळ्यात जास्त स्वप्नं बघत असणार. तसं नाहीये.

डेव्हिड फोक्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वायोमिंगमधल्या लॅबमध्ये तीच ती मुलं वर्षानुवर्षं रात्री झोपवून, मधूनमधून उठवून विचारलं. ३ ते ५ वर्षांची मुलं रेम झोपेतून उठवली तरी फारच कमी वेळा काही सांगायची, आणि सांगितलं तर काय, एखादा प्राणी उभा आहे, किंवा मी कुठेतरी झोपलोय. हालचाल नाही, गोष्ट नाही, बहुतेक वेळा भावनाही नाही आणि त्या चित्रात स्वतः मूल काही करतानाही दिसत नाही. म्हणजे 'स्वप्नात कुत्रा होता' हे तुमच्या मुलाचं पूर्ण स्वप्न आहे, तो काही लपवत नाहीये आणि विसरलेलाही नाही. पाच ते सातच्या दरम्यान चित्र हलायला लागतं, सातच्या पुढे मूल स्वतः स्वप्नात धावायला, बोलायला लागतं, आणि नऊ-दहाच्या सुमाराला स्वप्न आपल्यासारखं होतं. फोक्सला असंही दिसलं की कुठलं मूल जास्त स्वप्नं सांगतं हे त्याच्या बोलण्याच्या हुशारीवर नाही तर ठोकळे जुळवून नक्षी करण्यासारख्या, डोक्यात चित्र फिरवण्याच्या कौशल्यावर अवलंबून असतं. स्वप्न रचणं हीसुद्धा चालण्या-बोलण्यासारखी हळूहळू येणारी कला आहे, असं त्याचं म्हणणं. सगळ्यांना ते पटलेलं नाही, घरच्या वातावरणात मुलं जास्त मोठी स्वप्नं सांगतात असं दाखवणारे लोक आहेत, पण माझा स्वतःचा अनुभव असा की घरी आपणच 'मग कुत्र्याने काय केलं? चावला का? तू रडलास का?' असं विचारत जातो आणि मूल तिथल्या तिथे गोष्ट बनवत जातं. त्यामुळे मुलाला प्रश्न कमी विचारा. त्याला सांगायचं ते तो सांगेल.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा, पुढे बाबांच्या वेळी लागेल. झोपल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत मूल एकदम किंचाळत उठून बसलं, डोळे उघडे पण आपल्याला ओळखत नाही, दहा मिनिटांत परत झोपलं आणि सकाळी काहीच आठवत नाही, तर ते वाईट स्वप्न नसतं. तो गाढ झोपेतला अर्धवट जागेपणा असतो, बहुतेक मुलांत आपोआप जातो. वाईट स्वप्न पहाटेकडे पडतं, मूल पूर्ण जागं होतं, आईला बिलगतं आणि काय दिसलं ते सांगतं. वेळ आणि आठवण, या दोन गोष्टींवरून निम्मं निदान होतं.

वेळेवरून आठवलं, पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपल्याकडे म्हणतात ना. खरं होण्याचं माहीत नाही पण पहाटेचं स्वप्न आठवतं हे नक्की, कारण रेम झोप रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात सगळ्यात जास्त आणि सगळ्यात लांब असते, आणि आपण त्यातूनच थेट जागे होतो. स्वप्नाच्या बाबतीत हा मुद्दा फार मोठा आहे: पडणं वेगळं, आठवणं वेगळं. रेम झोपेत मेंदूची आठवण साठवायची यंत्रणा बरीचशी मिटलेली असते, त्यामुळे स्वप्न चालू असताना किंवा लगेच नंतर जाग आली तरच ते हाती लागतं, नाहीतर गेलं.

शाळा-कॉलेजच्या आणि विशीच्या वयात आठवणं सगळ्यात जोरात असतं, पाठलाग, पडणं, पेपर कोरा राहणं वगैरे. तिशी-चाळिशीपासून आठवणं हळूहळू कमी होत जातं, पुरुषांचं बायकांपेक्षा आधी. बायका सगळ्याच वयांत थोडी जास्त स्वप्नं सांगतात. या मधल्या वयाबद्दल फार लिहीत नाही, कारण खरं सांगण्यासारखं पुढे आहे.

आता आजी.

साठीच्या पुढच्या माणसांना स्वप्नांबद्दल विचारलं की त्याच त्या चार-पाच गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकू येतात, मग माणूस कोल्हापूरचा असो की अकोल्याचा, शिकलेला असो की नसो. स्वप्नं आता कमी आठवतात आणि छोटी असतात. मारामारी, पाठलाग असलं कमी झालंय, भीती-राग पूर्वीसारखे अंगावर येत नाहीत. हे अभ्यासांतही दिसलंय की वाढत्या वयाबरोबर स्वप्नांतली आक्रमकता आणि भावनांची तीव्रता उतरते. मग लोक सांगतात की गेलेली माणसं येतात, आई-वडील, नवरा किंवा बायको, कधी लहानपणी गेलेलं भावंडं, आणि ती आजारी, शेवटच्या दिवसांतली नसतात, चांगली धडधाकट असतात. बहुतेक वेळा बोलत नाहीत फारसं, नुसती असतात, चुलीपाशी बसलेली, अंगणात उभी. घर दिसतं ते आत्ताचा फ्लॅट नसतो, जुनं घर असतं. आणि हे मला इतक्या जणांनी सांगितलंय की मी आता मुद्दाम विचारते: स्वप्नात तुम्ही किती वर्षांच्या असता? उत्तर येतं तीस, पस्तीस, कधी अठरा. 'गुडघे दुखत नाहीत हो स्वप्नात, मी पायऱ्या भराभर उतरते', असं एका आजींनी सांगितलं होतं. सगळंच गोड नसतं. गाडी चुकणं, गर्दीत पिशवी हरवणं, घराचा रस्ता न सापडणं, हेही पुष्कळ सांगतात, विशेषतः ज्यांचं बाहेर पडणं अलीकडे बंद झालंय ते.

जुनंच घर का? माणसाला आयुष्यातलं काहीही आठवायला सांगा, उतारवयात त्याला साधारण दहा ते तीस वर्षांच्या वयातलं सगळ्यात जास्त आठवतं, हे स्मृतीच्या अभ्यासात वारंवार दिसलेलं आहे. तुमच्या आजीच्या पिढीत त्या वयात काय काय झालंय बघा. माहेर सुटलं, लग्न झालं, मुलं झाली, बहुतेक घरंही त्याच वयात बदलली. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात ते खरं आहे, फक्त मनात काय वसलंय ते वयाप्रमाणे बदलतं. चाळिशीत ऑफिस वसतं, ऐंशीत दिवसभर नवं असं फार घडतच नाही, मग जुना साठा वर येतो.

जाता जाता एक रंगाची गोष्ट. काही वयस्कर लोक सांगतात की आमची स्वप्नं काळीपांढरी असतात आणि घरचे हसतात. हसू नका. जपानमध्ये वेगवेगळ्या वयाच्या लोकांना विचारलं तेव्हा तिशीच्या आतल्या साधारण ८० टक्के लोकांनी रंगीत स्वप्नं सांगितली, साठीच्या लोकांत ते २० टक्क्यांच्या आसपास आलं. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातही असंच दिसलं की लहानपणी ज्यांनी फक्त काळापांढरा सिनेमा-टीव्ही बघितला त्यांची बरीच स्वप्नं काळीपांढरी असतात. आपल्याकडे मुंबईत टीव्ही आला १९७२ मध्ये आणि रंगीत झाला १९८२ मध्ये, त्यामुळे आजी असं काही म्हणाली तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

'न्यायला आलेत' याबद्दल मी नीट बोलते कारण या एका वाक्याने घरंच्या घरं आठवडेच्या आठवडे न जेवता बसलेली मी पाहिली आहेत. याच्या मागे एक खरी गोष्ट आहे आणि तिचा उलटा अर्थ काढला जातो. अमेरिकेत बफेलो शहरातल्या हॉस्पिसमध्ये, म्हणजे जिथे शेवटच्या अवस्थेतले रुग्ण असतात तिथे, ख्रिस्तोफर कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना रोज विचारलं की काही स्वप्न, काही दिसणं झालं का. २०१४ मध्ये त्यांनी ५९ रुग्णांचं छापलं. त्यातल्या ८८ टक्के लोकांना असा किमान एक अनुभव आला होता, मृत्यू जवळ येत गेला तशी गेलेली माणसं दिसणं वाढत गेलं, आणि गेलेल्यांची स्वप्नं सगळ्यात जास्त दिलासा देणारी होती. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी जे बघितलं ते खोटं नव्हतं. पण ते रुग्ण आधीच मरणाच्या दारात होते, स्वप्नांमुळे तिथे गेले नव्हते. चालत्या-फिरत्या, जेवत्या-खात्या माणसाला आई स्वप्नात दिसणं हे वीस-वीस वर्षं चालू असतं. पावसाळ्यात छत्र्या दिसतात म्हणून छत्री दिसली की पाऊस आलाच असं होत नाही, तसं हे आहे.

मग दोन महिन्यांतच रोज का सुरू झालं? इथे मी स्वप्नाचा अर्थ शोधत नाही, झोपेत काय बदललं ते शोधते. स्वप्नं वाढलेली नसतात बहुतेक वेळा, जाग वाढलेली असते. लघवीला पहाटे दोनदा उठावं लागतंय का, बीपीची लघवी वाढवणारी गोळी कोणी संध्याकाळी द्यायला लागलंय का, गुडघा दुखून जाग येतेय का. आणि दुसरं म्हणजे औषधं. बीपीच्या किंवा हृदयाच्या गोळ्यांपैकी मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल यांनी स्वप्नं ठसठशीत होतात, विसराळूपणासाठी देतात ती डोनेपेझिल रात्री घेतली तर फारच, नैराश्याच्या बऱ्याच गोळ्यांनीही होतं, आणि वर्षानुवर्षं घेत असलेली झोपेची गोळी एकदम बंद केली तर दाबलेली रेम झोप उसळून येते. त्यामुळे गेल्या तीन महिन्यांत कुठली गोळी सुरू झाली, बंद झाली, वेळ बदलली, एवढं कागदावर लिहा आणि नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. डोनेपेझिल सकाळी हलवली की कित्येकदा प्रश्न तिथेच संपतो. स्वतःहून मात्र काही बंद करू नका, मेटोप्रोलॉल एकदम सोडणं हृदयाला धोक्याचं असतं.

आजीच्या बाबतीत मी कशाने सावध होईन तेही सांगते. सकाळी चहा घेताना ती 'स्वप्नात आई आली होती' म्हणते, म्हणजे ते स्वप्न होतं हे तिला कळतंय, तोवर ठीक. जर ती दुपारी डोळे उघडे असताना 'ती बघ, कोपऱ्यात बसलीये' म्हणायला लागली, किंवा उठून आईसाठी दोन ताटं वाढायला निघाली, तर ते स्वप्न राहिलं नाही. ते एक-दोन दिवसांत अचानक झालं असेल तर लघवीतला जंतुसंसर्ग, अंगातलं सोडियम उतरणं, नवीन औषध असलं काहीतरी असतं आणि त्याच दिवशी दाखवावं लागतं. हळूहळू झालं असेल तर डोळे तपासावे, कारण नजर फार अधू झाली की मेंदू रिकाम्या जागी चित्रं भरतो आणि बुद्धी अगदी शाबूत असलेल्या माणसांनाही माणसं दिसतात, आणि त्याबरोबर लक्ष कमीजास्त होणं, चाल मंदावणं असेल तर मेंदूच्या डॉक्टरांकडे. आणि तिला त्या स्वप्नाचा त्रास होतोय का हे तिलाच विचारा, तुम्ही ठरवू नका. माझ्याकडे आणलेल्या निम्म्याहून जास्त आज्यांना त्रास नसतो, घरच्यांच्या चेहऱ्याचा त्रास होत असतो.

आता बाबा, आणि इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे.

रेम झोपेत मेंदू जवळजवळ जागा असतो, पण मेंदूच्या देठात एक व्यवस्था असते जी त्या वेळी हातापायांचे स्नायू ढिले पाडून ठेवते. फक्त डोळे आणि श्वासाचा पडदा चालू राहतात. म्हणून स्वप्नात आपण धावलो तरी गादीवर निवांत पडलेलो असतो. (जाग आली पण हे कुलूप एखादं मिनिट उघडलंच नाही, तर अंग हलत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं. गावाकडे त्याला भूत बसलं म्हणतात, तरुणांना होतं ते जास्त करून हेच.) काही माणसांत, बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांत, हे कुलूप बिघडतं आणि माणूस स्वप्न अक्षरशः करून दाखवायला लागतो. मिनियापोलिसमधल्या शेंक आणि माहोवाल्ड यांनी १९८६ मध्ये हा आजार पहिल्यांदा व्यवस्थित मांडला. त्याचं नाव रेम झोपेतला वर्तनविकार, पण आमच्यात सगळे आरबीडी म्हणतात.

'मला स्वप्नं पडतच नाहीत' यावर जाऊ नका. पॅरिसमध्ये इसाबेल अर्नुल्फ यांच्या गटाने आरबीडीचे असे रुग्ण शोधले जे म्हणायचे की आम्हाला वर्षानुवर्षं एकही स्वप्न आठवत नाही, आणि तेच लोक रात्री व्हिडिओत भांडताना, बोलताना दिसले. स्वप्न पडत होतं, सकाळपर्यंत टिकत नव्हतं.

माझ्या एका पेशंटचं सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय. निवृत्त एसटी ड्रायव्हर, ६८ वर्षांचे, साताऱ्याकडचे, स्वभावाने इतके शांत की बायको म्हणाली लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, आवाज चढवून बोलले नाहीत. ती आली होती दंडावरचा काळानिळा डाग घेऊन, आणि मुलाला वाटत होतं बाबा आईला मारतात. तीन वर्षं चालू होतं. गावात बाधा म्हणून उतारे झाले, गंडा बांधून झाला. मी वेळ विचारली तर रोज तीन-साडेतीननंतर, म्हणजे रेम झोपेची वेळ. उठवलं की दोन सेकंदांत पूर्ण भानावर येतात आणि स्वप्न सांगतात: घाटात उतारावर बस आहे, ब्रेक लागत नाहीये, ते पूर्ण ताकदीने ब्रेक दाबतायत. तोच पाय बायकोच्या पोटरीत बसायचा. दुसरं स्वप्न कुत्री मागे लागल्याचं, त्यांना हाकलायला हात फिरायचा. बघा, आधी लिहिलं की म्हातारपणी स्वप्नं शांत होतात, आणि इथे पासष्टीला झटापट सुरू झाली. दिवसा शांत असलेल्या माणसाची रात्र या वयात अशी एकदम हिंसक होणं, हीच खूण.

त्यांना एक रात्र लॅबमध्ये झोपवलं, व्हिडिओसकट. हे का लागतं, तर दोन गोष्टी आरबीडीसारख्या दिसतात. एक म्हणजे जोरदार घोरणं आणि श्वास अडकणं, श्वास सुटताना माणूस हातपाय झाडून ओरडत जागा होतो आणि ते मशीनने पूर्ण बरं होऊ शकतं. दुसरं म्हणजे झोपेतली फीट. यांचा श्वास किरकोळ अडकत होता, तेवढ्याने हे होणार नाही, पण रेम झोप आली की हनुवटीच्या स्नायूची रेघ जी सपाट हवी ती सतत दात्यासारखी वरखाली होत होती. निदान पक्कं झालं. मग मी दोन प्रश्न विचारले जे कोणीच विचारले नव्हते. वास येतो का? बायको पटकन म्हणाली, लसणाची फोडणी करपली तरी यांना कळत नाही, कितीतरी वर्षं झाली. पोट साफ होतं का? दहा वर्षं बद्धकोष्ठ.

हे प्रश्न का, ते सांगणं अवघड जातं पण लपवून उपयोग नाही. आरबीडी हा पुष्कळ जणांत पार्किन्सन किंवा त्याच्या जवळच्या एका स्मृतिभ्रंशाचा पहिला निरोप असतो, कंप यायच्या कितीतरी वर्षं आधीचा. २०१९ मध्ये जगभरातल्या २४ केंद्रांनी मिळून १२८० रुग्णांचा मागोवा छापला, त्यात दर वर्षी साधारण सहा टक्के लोक पुढच्या आजारात गेले आणि बारा वर्षांत जवळपास तीन चतुर्थांश. हा आकडा लॅबमध्ये पक्कं निदान झालेल्यांचा आहे, झोपेत एकदा ओरडलेल्या प्रत्येक माणसाचा नाही, हे दोनदा वाचा. नैराश्याच्या गोळ्यांनीही असं सुरू होऊ शकतं आणि त्यांची गोष्ट थोडी वेगळी असते, म्हणून बाबा तसलं काही घेत असतील तर आधी ते सांगा.

त्या काकांना मेलाटोनिन ३ मिलिग्रॅमपासून सुरू करून ६ पर्यंत नेलं. दुसरं औषध क्लोनाझेपाम असतं, तेही चांगलं चालतं, पण म्हातारपणी तोल जाणं, विसरणं वाढतं आणि श्वास अडकत असेल तर बिघडतं, म्हणून मी ते नंतर वापरते. औषधाइतकंच काम खोलीने केलं. गादी जमिनीवर, बाजूचं काचेचं टेबल हलवलं, भिंतीला उशा, आणि काकूंची गादी हातभर लांब. काकूंना ते लांब झोपणं फार लागलं, त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. दोन महिन्यांत झटापट आठवड्यात चार-पाच वेळा होती ती महिन्यात एखाददुसरी झाली. दर सहा महिन्यांनी मी त्यांना चालायला लावायचे, सही करायला लावायचे. पाचव्या वर्षी चालताना उजवा हात हलेनासा झाला, त्यांना स्वतःला कळलंही नव्हतं. मेंदूच्या डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला आणि गोळ्या अगदी सुरुवातीला चालू झाल्या. पुढचा आजार थांबवणारं औषध आज नाहीये, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण व्यायाम लवकर सुरू झाला, पडण्याची काळजी आधीपासून घेतली गेली, पैशाअडक्याचे निर्णय त्यांनी स्वतः घेतले. आणि मुलाने वडिलांची माफी मागितली, ती माझ्यासमोर.

तर तुमच्या बाबांचं. आजपासून आईची झोपायची जागा वेगळी करा, रागाने नाही, समजावून. ते ओरडत असताना त्यांना धरू नका, हलवू नका, स्वप्नात ते धरणं हल्ला वाटतो आणि फटका जास्त बसतो, लांबून नावाने हाक मारा. मग पलंगाच्या पायथ्याशी मोबाईल लावून पहाटे ३ ते ६ चं रेकॉर्डिंग करा, एका रात्रीत काही मिळालं नाही तर आठ-दहा रात्री करा, कारण रोज होत नाही. आईला शेजारी वही द्या, तारीख, वेळ, काय बोलले, हाक मारल्यावर किती वेळात भानावर आले, आणि आठवलं तर काय दिसलं. सगळ्या गोळ्यांची पाकिटं, घेत असतील तर दारूचं खरं प्रमाण, वास आणि पोट, एवढं घेऊन झोपेच्या किंवा मेंदूच्या डॉक्टरांकडे जा आणि व्हिडिओसह रात्रभराची झोपतपासणी मागा, नुसती घरी करायची बोटाला-नाकाला लावायची तपासणी यासाठी पुरत नाही, तिच्यात स्नायूंची नोंदच नसते. मोबाईल लावताना पंखा शक्य असेल तर बंद ठेवा आणि फोन जरा जवळ ठेवा, म्हणजे घोरणं आणि मध्ये श्वास थांबतो की नाही ते ऐकू येईल, बघणाऱ्या डॉक्टरला चित्राइतकाच तो आवाज लागतो.